‘जाऊ दे’ जिथे लिहिलंय ना, तीच ओळ पाठवा

प्रश्न: दिवस वाईट गेला की मी मैत्रिणीला दोन-दोन स्क्रीन भरून लिहिते. आधी ती लगेच रिप्लाय द्यायची, आता हार्ट टाकते नाहीतर ‘अरे बापरे’ एवढंच. छोटं लिहायला गेले तर ‘आज डोकं फिरलंय’ असं काहीतरी होतं, त्यावर तिलाही काय बोलावं कळत नाही. मन मोकळं पण व्हावं आणि तिला उत्तर देणंही सोपं जावं असं कसं लिहायचं?

उत्तर:

तुमची मैत्रीण जे ‘अरे बापरे’ लिहिते ना, ते मी स्वतः शेकड्याने लिहिलंय. अकरा वर्षं मी चॅटवर अनोळखी लोकांचं ऐकून घ्यायचं काम केलं, आता त्या कामात नव्याने येणाऱ्यांना शिकवते. त्यामुळे लांबलचक मेसेज वाचणाऱ्याच्या डोक्यात नेमकं काय होतं ते मला लिहिणाऱ्यापेक्षा जास्त माहितीये, आणि खरं सांगू, कंटाळा हे कारण फार कमी वेळा असतं. बहुतेकदा तिला टोकच सापडत नाही. गुंतलेला दोरा हातात दिला की माणूस आधी टोक शोधतो, नाही मिळालं की बाजूला ठेवतो, नंतर बघू म्हणून, आणि ते नंतर काही येत नाही.

शिकवताना मी एक करते. एक मोठा मेसेज सगळ्यांना देते आणि सांगते की याला पहिलं उत्तर लिहा, एकच ओळ. प्रत्येक वेळी कुणी घरच्या भांडणाला उत्तर देतं, कुणी ऑफिसला, कुणी शेवटच्या ‘कंटाळा आलाय’ला, आणि दोन-तीन जण तर पेन हातात धरून नुसते बसतात. तो मेसेज खरंच लिहिणाऱ्या बाईंना यातलं कुठलं उत्तर हवं होतं? एकही नाही, त्यांना मधल्याच एका अर्ध्या वाक्याबद्दल बोलायचं होतं. म्हणजे लांब मेसेजमध्ये टोकं नऊ असतात आणि ‘डोकं फिरलंय’मध्ये एकही नसतं, वाचणाऱ्याची अडचण दोन्हीकडे सारखीच. म्हणून नुसतं कापून छोटं करण्यात अर्थ नाही. नऊतलं एक टोक निवडून वर काढायचं आणि ते तिच्या हातात द्यायचं, एवढंच खरं काम.

आता हे करायचं कसं ते माझ्याच एका दिवसावर दाखवते, कारण दुसऱ्यांचे मेसेज मी दाखवू शकत नाही.

आधी सगळं लिहून काढायचं, न गाळता, पण चॅटच्या खिडकीत नाही. नोट्समध्ये लिहा, कागदावर लिहा, स्वतःलाच मेल लिहा. चॅटमध्ये लिहिलं की बोट चुकून सेंडवर जातं हा एक भाग, आणि समोर तिचा फोटो दिसत असला की आपण नकळत तिला पटवायला लिहितो, मग सगळं जरा फुगतं. दहा-पंधरा मिनिटं पुरे. जेम्स पेनबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९८६ चा एक अभ्यास आहे, त्यात कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या जड प्रसंगांबद्दल लिहायला लावलं होतं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणारी मुलं पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी गेली, हे बरेच जण सांगतात. पण त्यातलीच दुसरी गोष्ट माझ्या जास्त कामाची आहे, लिहून झाल्या झाल्या त्या मुलांचा मूड उलट जास्त पडलेला होता. तो अभ्यास मोठ्या आघातांचा होता, एका बेकार दिवसाचा नव्हे, त्यामुळे फार ताणू नका, पण लिहून झाल्यावर लगेच पाठवायचं नाही ही सवय मी तिथून घेतली. उठायचं, तोंड धुवायचं, पाणी प्यायचं, मग परत बघायचं.

तर माझं त्या दिवशीचं हे, जसंच्या तसं:

> अगं काय दिवस होता आज, सकाळी अलार्म वाजलाच नाही किंवा वाजला नि मीच बंद केला असेल काय माहीत, धावत निघाले तर लिफ्ट बंद, सहा मजले उतरताना चपलेचा पट्टा तुटला, तशीच फरपटत पोचले तर मीटिंग अर्धा तास आधीच सुरू केलेली, ग्रुपवर टाकलं होतं म्हणे, कुठल्या ग्रुपवर देव जाणे मी तर नाहीचे त्या ग्रुपवर, आणि तो रिपोर्ट मी तीन आठवडे करत होते ना तो त्या माणसाने दाखवला, आम्ही केलाय म्हणाला, साहेब पण वा वा, मी तिथेच बसलेली आणि काही बोललेच नाही, जाऊ दे, मग दुपारी प्रिंटर बंद पडला तोही माझ्याच माथी, जसं काही मीच जन्माला घातलाय त्याला, संध्याकाळी घरी आले तर वॉशिंग मशीनचं पाणी घरभर, ते पुसत होते तर बहिणीचा फोन, म्हणते तुझा आवाज नेहमीच असा रडका का असतो, नेहमीच म्हणे, ठेवला मी फोन, आता तीही रुसली असेल, मला ना खरंच कंटाळा आलाय सगळ्याचा, माझ्याच बाबतीत असं का होतं सांग ना

मोजा. अलार्म, लिफ्ट, चप्पल, मीटिंगची वेळ, रिपोर्ट, प्रिंटर, मशीन, बहीण आणि शेवटी तो सांग ना वाला प्रश्न, नऊ झाले. आता यातलं टोक कुठलं?

इथे माझी एक खूण आहे, फार कमी वेळा चुकते. आपण जे सगळ्यात जास्त जोरात लिहितो ते सहसा टोक नसतंच. जे खरं टोचलेलं असतं ते आपण पटकन लिहून त्यावरून पुढे पळतो, आणि पळताना एखादा शब्द मागे सोडतो: ‘जाऊ दे’, ‘ते सोड’, ‘असो’, ‘त्याचं काही नाही’. प्रिंटरवर मी चांगला विनोद केलाय बघा, म्हणजे प्रिंटर मला टोचलेला नाही, टोचलेल्या गोष्टीवर त्याच दिवशी विनोद सुचत नाही. आणि ‘काही बोललेच नाही, जाऊ दे’ ही पाच शब्दांत उरकली. तिथेच थांबायचं. तुमच्या मेसेजमध्ये ‘जाऊ दे’ नसेल तर दुसरी खूण बघा, कुठल्या वाक्यात दुसऱ्याने काय केलं हे संपून तुम्ही काय केलं किंवा केलं नाही हे सुरू होतं. तेही नसेल तर स्वतःला विचारा की उद्या सकाळी दात घासताना यातलं काय आठवणार आहे. लिफ्ट नक्कीच नाही.

टोक सापडलं म्हणून लगेच लिहायला घेतलं तरी गडबड होतेच, माझीही झाली. आधी मी हे लिहिलं:

> आज लेट झाले, लिफ्ट बंद, मीटिंगमध्ये क्रेडिट गेलं, प्रिंटर, मशीन, बहिणीशी पण वाजलं. बेकार दिवस.

छोटं आहे हो. पण टोकं अजून सहा आहेत, फक्त आता ती यादी झाली, आणि यादीला माणूस ‘अरे बापरे’च म्हणतो, दुसरं काय म्हणणार. दिवसाचा सारांश काढायचा मोह सगळ्यांना होतो, कारण एखादी गोष्ट गाळली की वाटतं तिचा अपमान केला. मग दुसऱ्यांदा लिहिलं:

> मी तीन आठवडे केलेला रिपोर्ट आज एकाने मीटिंगमध्ये स्वतःचा म्हणून दाखवला. इतका राग आलाय त्याचा. काय करू सांग?

हे बरंच बरं आहे, बरेच जण इथेच थांबतील. पण यात दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे राग त्याचा आलाय असं लिहिलंय. हे पाठवलं असतं तर मैत्रीण म्हणाली असती ‘काय नालायक माणूस आहे’, मी म्हणाले असते हो ना, आणि फोन ठेवताना मला तसंच अडकल्यासारखं वाटत राहिलं असतं, कारण मला त्याचा राग होता पण त्याहून जास्त स्वतःचा होता, समोर बसून गप्प राहिले म्हणून. भावनेचं नाव चुकलं की उत्तर चुकीच्या पत्त्यावर जातं आणि मग आपण म्हणतो हिला काही कळतच नाही. तिला कसं कळणार, आपणच पत्ता चुकीचा लिहिला. राग, लाज, भीती, एकटं वाटणं, हेवा, यातलं कुठलं ते अर्धा मिनिट थांबून बघाच. राग हा शब्द पहिला येतो कारण तो लिहायला सोपा असतो.

दुसरं खटकतं ते ‘काय करू’. रात्री दहाला तिला माझं ऑफिस माहीत नाही, साहेब कसा आहे माहीत नाही, आणि मी तिला निवाडा करायला बसवतेय. असा प्रश्न आला की प्रामाणिक मैत्रीण विचार करायला वेळ घेते आणि वेळ घेतला की विसरते, आणि घाईतली मैत्रीण ‘सरळ साहेबांना सांग ना’ म्हणते, मग मी चिडते. शिवाय मला त्या रात्री काही करायचंच नव्हतं. शेवटी हे पाठवलं:

> जरा भडास काढायचीये, तोडगा नकोय, नुसतं ऐक. तीन आठवडे राबून केलेला रिपोर्ट आज एकाने मीटिंगमध्ये ‘आम्ही केला’ म्हणून दाखवला. मी समोरच बसलेले आणि तोंडातून शब्द फुटला नाही. त्याच्यापेक्षा माझाच जास्त राग येतोय. बाकीचा दिवसही तसाच गेला, लिफ्टपासून वॉशिंग मशीनपर्यंत, ते भेटल्यावर. तुझी कधी अशी ऐन वेळी दातखीळ बसलीये का? घाई नाही, उद्या सांगितलंस तरी चालेल.

पन्नास-साठ शब्द आहेत, फोनच्या एका स्क्रीनवर वर-खाली न करता मावतात, मी तेवढंच माप धरते. पहिल्या ओळीत तिचं काम सांगितलंय, म्हणजे पुढचं वाचताना ती तोडगा शोधत बसणार नाही. ही ओळ शेवटी टाकली तर उपयोग नाही, तोवर तिचं डोकं कामाला लागलेलं असतं. मग एकच प्रसंग, त्यात त्या माणसाचं नाव नाही कारण ती त्याला ओळखत नाही, उगाच ‘हा कोण, मागच्या वेळचा तोच का’ असं सुरू होतं. पण ‘तीन आठवडे’ ठेवलंय कारण ते नसेल तर एवढं काय झालं हे कळत नाही. मागची हकिगत एवढीच घ्यायची, जी काढली तर टोचणं समजणार नाही. मग भावना. मग बाकीच्या सात गोष्टींची एक ओळ, आणि ही ओळ माझ्यासाठी आहे, ती नसेल तर मला चैन पडत नाही आणि मी पाच मिनिटांनी ‘आणि हो, अजून एक’ करत परत येते.

प्रश्न मात्र जरा निरखून बघा. ‘माझ्याच बाबतीत असं का होतं’ हा दिसायला प्रश्न आहे पण त्याला जगात कुणाकडे उत्तर नाही. ‘तुझं कधी असं झालंय का’ याला ती ‘हो’ म्हणू शकते, ‘दोनदा’ म्हणू शकते, ‘नाही गं पण मला कळतंय’ म्हणू शकते, आणि तिन्ही उत्तरं मला चालणार आहेत. मी पाठवण्याआधी कायम एक करून बघते, तिच्या बाजूने उत्तर मीच मनात टाइप करते. दहा सेकंदांत काहीतरी माणसासारखं सुचलं तर मेसेज ठीक. मलाच ‘अरे बापरे’ सुचलं तर तिला वेगळं काय सुचणार, परत लिहायचं.

‘सल्ला नको’ एवढंच लिहून थांबणारे खूप जण असतात, ते अर्धवट आहे. तुम्ही तिच्या हातातलं एक काढून घेतलंत पण दुसरं काही दिलं नाहीत, आणि काही जणांना सल्ला सोडून प्रेम दाखवताच येत नाही, ती माणसं मग गप्पच बसतात. काय हवंय ते सांगा. ‘नुसतं हो ला हो कर’ चालतं. ‘काहीतरी फालतू पाठव, हसायचंय’ हे तर फारच सोपं पडतं समोरच्याला. ‘यात माझं चुकलं का ते स्पष्ट सांग’ हेही चालतं, पण ‘हो चुकलं’ ऐकायची तयारी असेल तरच लिहा, नाहीतर तो सापळा होतो तिच्यासाठी.

एक छोटी खोड सुद्धा सांगून टाकते, ‘सॉरी तुला बोअर करतेय’. ही सभ्यता वाटते पण त्यामुळे तिला आधी ‘अगं असं काय म्हणतेस’ लिहावं लागतं आणि तिची सगळी शक्ती त्यातच जाते, मूळ गोष्ट राहते बाजूला. त्यापेक्षा ‘घाई नाही’ लिहा, त्याने खरंच तिचं ओझं कमी होतं. आणि एकाच मेसेजमध्ये लिहा, चौदा तुकड्यांत नको, नाहीतर ती चौथ्याला उत्तर देत असते तोवर तुम्ही अकराव्यावर गेलेल्या असता. सात मिनिटांच्या व्हॉइस नोटबद्दल मी बोलतच नाही.

आता हे सगळं कुठे लागू होत नाही तेही बघा. ती आत्ता ऑनलाइन आहे आणि तुमच्यात तशी सवय आहे तर ‘डोकं फिरलंय, बोलू का?’ एवढं पुरतं, ती ‘बोल’ म्हणेल आणि मग फोनवर नऊच्या नऊ टोकं सांगा, फोनवर ती मध्येच विचारू शकते म्हणून लांबी चालते. काही मैत्रिणींना सगळं तपशिलातच आवडतं, त्यांना छोटा मेसेज केला तर त्या रुसतात, अशी असेल तर तुमचं तुम्हाला माहीत. आणि ज्या माणसाबद्दल चिडलात तो दोघींच्या ओळखीचा असेल तर मेसेज नकोच, लिहिलेलं राहतं आणि फिरतं.

दुसरं जरा गंभीर. कुणी हात लावला, धमकी दिली, किंवा मनात जगणंच नको असं येतंय, तर ते छोटं नि सोपं करून पाठवायची गोष्ट नाही. तिथे ‘घाई नाही’ लिहू नका. ‘मला आत्ता मदत लागेल, फोन कर’ असं उघड लिहा, तिने नाही उचलला तर दुसऱ्याला करा, हेल्पलाइनला करा. मी कामावर असताना सगळ्यात जास्त भीती मला याच मेसेजेसची वाटायची, नीट आवरून, हसरा चेहरा लावून, शेवटी ‘असो, तू कशी आहेस’ लिहिलेल्या.

आणि तिसरं, तोच विषय तिसऱ्या-चौथ्यांदा येत असेल तर. आपण म्हणतो वाफ बाहेर पडली की बरं वाटतं, पण २००२ साली ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने हे तपासलं होतं. आधी लोकांना चिडवलं, मग काहींना त्या चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितले आणि काहींना नुसतं शांत बसवलं. ठोसे मारणाऱ्यांचाच राग जास्त राहिला. मेसेज म्हणजे ठोसा नव्हे हे मान्य, पण त्याच माणसाला मनात आणून रोज रात्री तेच लिहिलं तर माझ्या अनुभवात तसंच होतं, आणि समोरच्याची उत्तरं सुद्धा आटतात. तुमच्या मैत्रिणीचे हार्ट्स त्यातले आहेत का ते मागच्या पाच-सहा मेसेजेस वर जाऊन बघा. विषय वेगवेगळे असतील तर टोकाचाच घोटाळा आहे, वर सांगितलं तसं करा. एकच विषय असेल तर मात्र पुढच्या मेसेजमध्ये तोडगा मागायची वेळ आली असं समजा, तेही एका वेळी एकच: ‘उद्या मी साहेबांना हे बोलणार आहे, ऐकायला कसं वाटतंय?’ आणि खाली ते वाक्य.

पहिल्यांदा हे सगळं करायला मला अर्धा तास लागला होता, आता पाच मिनिटांत होतं. तुम्हालाही पहिल्या दोन-तीन वेळा वाटेल की मैत्रिणीला लिहायला एवढा काय खटाटोप, वाटू दे.

त्या रात्री तिचं उत्तर वीस मिनिटांनी आलं. ‘दोनदा. एकदा तर मी बाथरूममध्ये जाऊन आरशाला सगळं सुनावून आले, बाहेर आले तर साहेब हात धुवायला उभे.’ मी एकटीच हसले खूप वेळ. आणि खाली तिने लिहिलं होतं, ‘पण मशीनला काय झालं ते सांग आधी.’